दोन वक्रांमधल्या क्षेत्राचा सेंट्रॉइड: मोमेंटने काढा, सममितीने तपासा

y = x² हा पॅराबोला आणि y = x + 2 ही रेषा, यांच्यात अडकलेल्या तुकड्याचा सेंट्रॉइड काढायचा आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: (०.५, १.६). याच गणिताचं दुसरं एक उत्तर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या वह्यांमध्ये हमखास सापडतं, (०.५, ०.९). ते चूक आहे, पण दिसायला अगदी सभ्य आहे. x बरोबर, y धन, आणि बिंदू तुकड्याच्या आतच पडतो. असं उत्तर पकडायचं कसं, तेही उत्तरसूची न उघडता, हे या लेखात पाहू. त्यासाठी सूत्रं पाठ असणं पुरत नाही. सममिती नेमकं काय सांगते आणि कशाबद्दल गप्प राहते, हे कळावं लागतं.

आधी आकृती, मग अंदाज

छेदनबिंदू काढून घेऊ. x² = x + 2, म्हणजे (x − 2)(x + 1) = 0. तुकडा x = −1 पासून x = 2 पर्यंत पसरलाय आणि त्याची दोन टोकं (−1, 1) आणि (2, 4) इथे आहेत. वर कोण आणि खाली कोण, हे डोळ्यांवर सोडू नका. मधला कुठलाही सोपा x घेऊन पाहा. x = 0 ला रेषेची उंची २ आणि पॅराबोलाची ०, म्हणून रेषा वर. या मर्यादांमध्ये दोघं पुन्हा कुठे भेटत नाहीत, म्हणून सगळीकडे रेषाच वर राहते.

आकृती ग्राफ पेपरवर काढा आणि १ एकक म्हणजे ५ सेंमी धरा. तुकडा १५ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच होतो, ए-फोर कागदावर आरामात मावतो. हे माप पुढे उपयोगी पडणार आहे.

आता इंटिग्रेशनला हात लावण्याआधी एक काम करा. काही ठिकाणी तुकड्याची उभी लांबी मोजा, म्हणजे वरच्या वक्राची उंची वजा खालच्याची:

```
x      :  -1   -0.5    0    0.5    1    1.5    2
लांबी  :   0   1.25    2   2.25    2   1.25    0
```

ही ओळ उजवीकडून डावीकडे वाचली तरी तीच राहते. x = 0.5 च्या डावीकडे जितकं अंतर जाल तितकंच उजवीकडे गेलात, तर पट्टीची लांबी तंतोतंत तेवढीच मिळते. इथेच x̄ = 0.5 हे उत्तर मिळालं, एकही इंटिग्रल न सोडवता.

इथे एका गोष्टीवर जरा थांबू या. हा तुकडा आरशासारखा सममित नाही. x = 0.5 वर कागद उभा दुमडलात तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसणार नाहीत, कारण वरची रेषा तिरकी आहे. तरीही x̄ साठी हे पुरतं. का, ते मोमेंटमधून कळतं. x = 0.5 या उभ्या रेषेभोवती एखाद्या पट्टीचा मोमेंट म्हणजे तिचं क्षेत्रफळ गुणिले त्या रेषेपासूनचं आडवं अंतर. पट्टी कागदावर वर आहे की खाली, याचा या गुणाकाराशी काहीच संबंध नाही. समान अंतरावरच्या दोन पट्ट्यांची क्षेत्रफळं सारखी असली की त्यांचे मोमेंट एकमेकांना खोडून टाकतात. म्हणजे x̄ साठी फक्त उभ्या लांब्यांची सममिती बघायची, आकाराची नाही. पुष्कळ जण पूर्ण सममिती दिसत नाही म्हणून ही तपासणी सोडून देतात आणि फुकटात मिळालेलं निम्मं उत्तर वाया घालवतात.

तीन इंटिग्रल

वरचा वक्र f, खालचा g. x या जागी dx रुंदीची एक उभी पट्टी घ्या. तिची लांबी f − g, म्हणून क्षेत्रफळ (f − g) dx. पट्टी इतकी अरुंद आहे की तिचा स्वतःचा सेंट्रॉइड तिच्या मधोमध मानायला हरकत नाही. तो y-अक्षापासून x अंतरावर आणि x-अक्षापासून (f + g)/2 उंचीवर आहे. एवढं समजलं की सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही, दर वेळी नव्याने मांडता येतं:

```
A   = ∫ (f - g) dx
M_y = ∫ x (f - g) dx                  →  x̄ = M_y / A
M_x = ∫ ((f + g)/2) (f - g) dx
    = (1/2) ∫ (f² - g²) dx            →  ȳ = M_x / A
```

नावांचा घोळ टाळा. M_y म्हणजे y-अक्षाभोवतीचा मोमेंट. त्यात अंतर x असतं, म्हणून त्यातून x̄ मिळतो. खाली लिहिलेलं अक्षर अक्षाचं आहे, उत्तराचं नाही.

आपल्या तुकड्यासाठी f = x + 2, g = x², मर्यादा −1 ते 2. क्षेत्रफळ:

```
A = [x²/2 + 2x - x³/3] = 10/3 - (-7/6) = 9/2
```

ऋण मर्यादा असली की चिन्हाची गडबड होते ती नेमकी इथे. म्हणून दोन्ही मर्यादांच्या किमती वेगळ्या लिहा आणि मगच वजाबाकी करा. एकाच ओळीत सगळं भरायला गेलात की −(−7/6) चा +7/6 करायचा राहून जातो. पुढचे दोन:

```
M_y = ∫ (x² + 2x - x³) dx
    = [x³/3 + x² - x⁴/4] = 8/3 - 5/12 = 9/4

M_x = (1/2) ∫ (x² + 4x + 4 - x⁴) dx
    = (1/2) [x³/3 + 2x² + 4x - x⁵/5]
    = (1/2) (184/15 + 32/15) = 36/5
```

भागाकार केला की x̄ = (9/4)/(9/2) = 1/2 आणि ȳ = (36/5)/(9/2) = 8/5.

x̄ = 1/2 हे आपल्याला आधीच माहीत होतं. त्यामुळे हा आकडा जुळल्यावर फक्त M_y ची खात्री होत नाही, A ची पण होते. क्षेत्रफळात चूक असती तर हा भागाकार 1/2 आलाच नसता. ȳ मात्र अजून तपासायचा राहिलाय. लांब्यांची सममिती त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही.

०.९ कुठून येतो

ȳ च्या सूत्रात f² − g² आहे. त्याऐवजी (f − g)² लिहिणं ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक. हात आपोआप तिकडे जातो, कारण आधी x-अक्षावर उभ्या असलेल्या क्षेत्रासाठी (1/2)∫f² शिकवलेलं असतं, आणि दोन वक्र आले की f च्या जागी f − g ठेवून द्यावंसं वाटतं. करून पाहू:

```
(1/2) ∫ (x + 2 - x²)² dx = (1/2)(81/10) = 4.05
4.05 / 4.5 = 0.9
```

०.९ हा आकडा अगदीच निरर्थक नाही. प्रत्येक पट्टी सरकवून तिचं खालचं टोक x-अक्षावर आणलं, तर जो नवा आकार तयार होतो, त्याच्या सेंट्रॉइडची ही उंची आहे. (f − g)² लिहिताना आपण g ची उंची पुसून टाकतो, पट्टी जमिनीवर उभी आहे असं मानतो. उत्तर बरोबर आहे, पण ते दुसऱ्याच तुकड्याचं.

"सेंट्रॉइड आकाराच्या आत पडतोय ना?" ही नेहमीची तपासणी इथे कामाची नाही. x = 0.5 ला तुकडा ०.२५ पासून २.५ पर्यंत आहे, आणि ०.९ सुद्धा त्यात बसतो. M_x मधला 1/2 लिहायचा विसरला असाल, तर तेवढं या तपासणीने कळतं. तेव्हा ȳ = 3.2 येतो आणि बिंदू सरळ बाहेर फेकला जातो.

ȳ ची स्वतंत्र तपासणी

तिरकी रेषा अडचणीची आहे, तर ती आडवी करू. प्रत्येक उभी पट्टी x इतकी खाली सरकवायची, म्हणजे v = y − x घ्यायचं. पट्ट्यांच्या लांब्या बदलत नाहीत, म्हणून क्षेत्रफळही तेच राहतं. रेषा होते v = 2, एकदम आडवी. पॅराबोला होतो v = x² − x, त्याचा तळ x = 0.5 ला, v = −0.25 वर. आता हा तुकडा x = 0.5 भोवती खरोखर आरशासारखा सममित आहे. कागद दुमडलात तर काठावर काठ बसतो.

सेंट्रॉइडचं काय होतं? तो म्हणजे सगळ्या बिंदूंची सरासरी. y − x ची सरासरी ही ȳ − x̄ असणारच. म्हणून नव्या आकाराचा सेंट्रॉइड काढून त्यात x̄ मिळवला की जुना ȳ हाती येतो.

नवा आकार म्हणजे वरून आडवा कापलेला पॅराबोला. त्याचा सेंट्रॉइड तळापासून उंचीच्या ३/५ वर असतो. ही गोष्ट ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सिद्ध केली होती, कॅल्क्युलसच्या कितीतरी आधी. लक्षात राहत नसेल तर दोन ओळींत काढता येते. तळापासून t उंचीवर आडवी रुंदी √t च्या प्रमाणात असते, म्हणून

```
∫₀ᶜ t·√t dt / ∫₀ᶜ √t dt = (2/5)c^(5/2) / ((2/3)c^(3/2)) = (3/5)c
```

आपली उंची २ + ०.२५ = २.२५. तिचे ३/५ म्हणजे १.३५. तळ −०.२५ वर, म्हणून v̄ = 1.10. त्यात x̄ = 0.5 मिळवा: ȳ = 1.60. पहिल्या मार्गाचा एकही आकडा यात वापरला नाही, तरी उत्तर तेच. माझ्या मते हीच खरी तपासणी. तेच इंटिग्रल दुसऱ्यांदा सोडवून पाहणं ही तपासणी नव्हे. चूक मांडणीत असेल तर दुसऱ्यांदाही तीच होते.

ज्यांचा हातावर जास्त विश्वास आहे त्यांच्यासाठी वर काढलेला ग्राफ पेपर आहेच. तो पुठ्ठ्यावर चिकटवून तुकडा कापा. एका टोकाजवळ टाचणी टोचून तो मोकळा लोंबू द्या, त्याच टाचणीला दोऱ्याने छोटा ओळंबा अडकवा आणि दोऱ्याच्या मागे पेन्सिलीने रेघ मारा. मग दुसऱ्या टोकाजवळ टोचून पुन्हा तेच. दोन रेघा जिथे छेदतात तिथे सेंट्रॉइड. y-अक्षापासून २.५ सेंमी उजवीकडे आणि x-अक्षापासून ८ सेंमी वर तो यायला हवा. ०.९ वाला बिंदू ४.५ सेंमीवर पडला असता. साडेतीन सेंमीचा फरक म्हणजे कापण्यातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या चुकीवर ढकलता येण्यासारखा नाही. भोक मोठं असेल तर पुठ्ठा अडकतो आणि रेघ चुकते, तेवढं सांभाळा.

तिरप्या अक्षाची सममिती

आता y = √x वर आणि y = x² खाली, 0 ते 1. दोन्ही एकमेकांची व्यस्त फलं आहेत, म्हणून x आणि y ची अदलाबदल केली तरी तुकडा तोच राहतो. सममितीचा अक्ष आहे y = x, आणि सेंट्रॉइड त्याच्यावरच असणार. किती, ते सममिती सांगत नाही; फक्त x̄ = ȳ असायला हवं, एवढंच.

```
A   = 2/3 - 1/3 = 1/3
M_y = ∫ (x^(3/2) - x³) dx = 2/5 - 1/4 = 3/20
M_x = (1/2) ∫ (x - x⁴) dx = (1/2)(1/2 - 1/5) = 3/20
```

दोन्ही मोमेंट सारखे, सेंट्रॉइड (9/20, 9/20). इथे (f − g)² ची चूक केली असती तर M_x = 9/140 आणि ȳ = 27/140, म्हणजे ०.१९ च्या आसपास. x̄ = 0.45 च्या शेजारी हा आकडा लिहिताक्षणी बिंग फुटतं. म्हणून शिकवताना हे उदाहरण आधी आणि पॅराबोला-रेषेचं नंतर घ्यावं.

या तपासणीलाही एक भोक आहे. A चुकलं, समजा 1/3 च्या ऐवजी 1/2 घेतलं, तर x̄ आणि ȳ दोन्ही 0.3 येतात. समान आहेत, सममिती खूश, उत्तर मात्र चूक. भागाकार दोघांनाही एकाच संख्येने होतो, त्यामुळे बिघाड दोन्हीकडे सारखाच पसरतो.

अक्ष आरंभबिंदूतून गेला की

हीच गोष्ट उभ्या अक्षाच्या बाबतीत आणखी फसवी होते. y = 4 − x² वर आणि y = 3 − (3/4)x² खाली घ्या. दोन्ही x = ±2 ला भेटतात आणि मधे कोयरीसारखी नव्हे, सरळ चंद्रकोर तयार होते. y-अक्ष हाच सममितीचा अक्ष, म्हणून M_y = 0 आणि x̄ = 0. पण शून्याला कशानेही भागा, शून्यच येणार. क्षेत्रफळ 8/3 आहे; तुम्ही ते 4 काढलं असतं तरी x̄ वरून काही कळलं नसतं. पॅराबोला-रेषेच्या उदाहरणात अक्ष x = 0.5 ला होता म्हणून x̄ ने A सुद्धा तपासलं. इथे तो फायदा नाही. हवा असेल तर अंतर डाव्या टोकापासून मोजा, X = x + 2 ठेवून मोमेंटचं इंटिग्रल नव्याने सोडवा. आता उत्तर X̄ = 2 यायला हवं, आणि ते A बरोबर असेल तरच येतं.

याच कोरीचा ȳ काढताना वजाबाकी सोयीची पडते. बाहेरच्या पॅराबोलाखालचं क्षेत्रफळ 32/3, सेंट्रॉइड पायापासून उंचीच्या २/५ वर, म्हणजे १.६. आतलं 8, सेंट्रॉइड १.२. मोमेंटची वजाबाकी (32/3)(1.6) − 8(1.2) = 112/15, भागिले 8/3, म्हणून ȳ = 2.8. आणि x = 0 ला कोर सुरूच होते ३ वर. सेंट्रॉइड आकाराच्या बाहेर, खालच्या पोकळीत आहे, आणि तरीही उत्तर बरोबर आहे. आतबाहेरची तपासणी फक्त बहिर्वक्र आकाराला लावायची. ज्याला पोकळी आहे तिथे बिंदू बाहेर पडला म्हणून बरोबर गणित खोडू नका.

वक्र मधेच एकमेकांना ओलांडतात तेव्हा

y = x³ आणि y = x, −1 ते 1. शून्याच्या उजवीकडे x वर, डावीकडे x³ वर. सरसकट ∫(x − x³) घेतलं तर उत्तर शून्य येतं आणि भागाकारच अडतो. ही त्यातल्या त्यात बरी स्थिती, निदान गाडी थांबते तरी. जास्त धोक्याचं असं, की शून्य क्षेत्रफळ बघून कोणी A तेवढं दुरुस्त करतो, दोन भागांत तोडून 1/4 + 1/4 = 1/2 घेतो, पण मोमेंट तसाच ठेवतो:

```
∫ x(x - x³) dx, -1 ते 1 = 4/15
(4/15) / (1/2) = 8/15
```

x̄ = 8/15 हे कागदावर अगदी खरं वाटतं. पण हा आकार आरंभबिंदूभोवती अर्ध्या फेऱ्याने फिरवला तर स्वतःवरच बसतो, म्हणून त्याचा सेंट्रॉइड (0, 0) शिवाय दुसरीकडे असूच शकत नाही. इथे आरशाचा अक्ष कुठेच उभा किंवा आडवा नाही. बिंदूभोवतीची सममिती आहे, आणि ती एकदम दोन्ही सहनिर्देशक देऊन टाकते.

8/15 हा आकडा उजव्या अर्ध्या भागाचा x̄ आहे, आणि तो चुकीच्या वहीत योगायोगाने आलेला नाही. डाव्या भागात f − g ऋण आणि x पण ऋण, म्हणून गुणाकार धन झाला आणि डावा भाग उजव्यावर जाऊन बसला. योग्य रीत अशी, की जिथे वक्र ओलांडतात तिथे इंटिग्रल तोडायचं, तिन्ही इंटिग्रल तोडायची, आणि प्रत्येक भागात f कोण नि g कोण ते नव्याने ठरवायचं. उजवा भाग देतो M_y = 2/15, M_x = 2/21, डावा भाग देतो −2/15 आणि −2/21. बेरीज शून्य आली. पण A = 1/2 हे इथे पुन्हा बिनतपासलेलंच राहिलं, म्हणून उजव्या भागाचा सेंट्रॉइड (8/15, 8/21) वेगळा काढून ग्राफवर ठेवून पाहा. x = 8/15 ला तुकडा ०.१५ पासून ०.५३ पर्यंत आहे आणि ०.३८ त्याच्या आत पडतो.